मुलाखतीनंतरचं पत्र : आभार आणि एक दुरुस्ती

‘आदरणीय महोदय, आज आपण मला मुलाखतीची संधी दिलीत याबद्दल मी आपला मनःपूर्वक आभारी आहे. आपल्या नामांकित संस्थेत काम करण्यास मी अत्यंत उत्सुक आहे. आपल्या सकारात्मक उत्तराच्या प्रतीक्षेत.’

या ईमेलमध्ये व्याकरणाची चूक नाही, उद्धटपणा नाही, लांबणही नाही. तरी वाचणाऱ्याच्या हाती त्यातून काहीच लागत नाही. हे पत्र सोलापूरच्या कापड दुकानाला पाठवता येईल, पुण्याच्या सॉफ्टवेअर कंपनीला पाठवता येईल, एखाद्या दवाखान्यालाही पाठवता येईल. मुलाखतीला न गेलेल्या माणसालासुद्धा ते लिहिता येईल. आभाराचं पत्र मनापासूनचं आहे की नाही, हे ओळखायची माझी कसोटी तीच आहे: संस्थेचं नाव बदलून पत्र दुसरीकडे पाठवता येत असेल, तर ते अजून लिहून झालेलं नाही.

मुलाखतीनंतर आभार मानण्याची रीत आपल्याकडे अमेरिकेतून आली. रिचर्ड बोल्स यांच्या ‘व्हॉट कलर इज युअर पॅराशूट?’ या नोकरीशोधावरच्या गाजलेल्या पुस्तकाने ती पुष्कळ पसरवली. बोल्स यांनी ते १९७० मध्ये स्वतःच छापलं आणि पुढे त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. तिकडे ही रीत इतकी रुजली की २०१९ मध्ये ‘बिझनेस इनसायडर’च्या एका वरिष्ठ संपादक जेसिका लिबमन यांनी, आभाराचा ईमेल न पाठवणाऱ्या उमेदवाराला घेऊ नये हा आपला नियम जाहीरपणे मांडला. त्यावर मोठी टीका झाली. ज्याला ही अलिखित रीत कुणी शिकवलीच नाही, त्याच्यावर हा अन्याय आहे, असा टीकेचा रोख होता. टीका मला रास्त वाटते. महाराष्ट्रात, विशेषतः पुण्या-मुंबईबाहेर, असा ईमेल येईल अशी कुणाची अपेक्षाच नसते. त्यामुळे तो न पाठवल्याने कुणाचं नुकसान होत नाही. उलट, आला तर तो वाचला जातो, कारण तसे फारसे येत नाहीत. पण वाचला गेल्यावर त्यात काय सापडतं, यावर पुढचं सगळं अवलंबून.

उदाहरणासाठी नवी पेठेत जाऊ. सोलापूरची ही गजबजलेली बाजारपेठ. शहरातली चाटी गल्ली कापडाची म्हणून ओळखली जाते. शहराचं नाव चादरी आणि टॉवेलांमुळे सगळीकडे गेलं असलं, तरी तयार कपड्यांचा, त्यातही शाळेच्या गणवेशांचा धंदा इथे मोठा आहे. इथल्या पेढ्यांमधली नोकरभरती मोठ्या कंपनीसारखी होत नाही. मनुष्यबळ विभाग नसतो, तीन फेऱ्या नसतात. मालक किंवा त्यांचा मुलगा समोर बसतो, बाजूला जुने हिशेबनीस असतात, मधेच गिऱ्हाईक येतं, फोन वाजतो, आणि वीस-पंचवीस मिनिटांत मुलाखत आटोपते. निर्णय बहुधा एक-दोन दिवसांत होतो. अशा ठिकाणी ईमेलचा काय उपयोग, असं कुणालाही वाटेल. मला तर वाटतं, त्याचा सर्वांत जास्त उपयोग इथेच आहे, कारण निर्णय घेणारा माणूस आणि पत्र वाचणारा माणूस यांच्यात इथे फार अंतर नसतं.

एक काल्पनिक पण रोज घडू शकेल अशी मुलाखत घेऊ. गणवेशाची घाऊक विक्री करणारी एक पेढी आहे. ‘ऑर्डर आणि डिस्पॅच सहायक’ हवा आहे: शाळांच्या ऑर्डरी नोंदवायच्या, बिलं करायची, ट्रान्सपोर्टला माल द्यायचा. बी.कॉम. झालेली एक मुलगी मुलाखतीला आली आहे. मालक विचारतात, ‘पुण्याच्या शाळेला दीड लाखाचा माल पाठवायचाय. ई-वे बिल लागेल का? आणि किती दिवस चालेल?’

मुलगी पहिलं उत्तर बरोबर देते. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एक लाखाच्या वरचा माल असेल, तर ई-वे बिल लागतं. दुसऱ्या उत्तरात घोटाळा होतो. ती म्हणते, ‘शंभर किलोमीटरला एक दिवस. पुणं अडीचशे किलोमीटर, म्हणजे तीन दिवस.’ मालक मान हलवतात आणि पुढचा प्रश्न विचारतात. बरोबर की चूक, काही बोलत नाहीत. मुलाखत संपताना, गिऱ्हाईक थांबलेलं असूनही, ते तिला मागच्या खोलीत नेतात. तिथे मापांप्रमाणे लावलेल्या शर्टांच्या थप्प्या आहेत. ‘खरी कसरत जूनमध्ये असते,’ ते सांगतात. ‘शाळा उघडल्यावर चोवीस नंबर संपतो, छत्तीस पडून राहतो, आणि शाळेला चोवीस उद्याच पाहिजे असतो.’

ती बाहेर पडते. इथून पुढचा पहिला अर्धा तास पत्राच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा. स्मरण ताजं असतानाच कुठेतरी टेकून कागदावर किंवा फोनवर चार-पाच ओळी टिपून ठेवायच्या. मुलाखतीला कोण कोण होतं आणि त्यांची नावं नेमकी काय. कोणता प्रश्न आला, जिथे आपण अडखळलो. त्यांनी आपणहून काय सांगितलं किंवा दाखवलं. निर्णय कधी कळवतो म्हणाले. या टिपणाखेरीज चांगलं पत्र होत नाही. घरी जाऊन जेवून, रात्री लिहायला बसलं की मुलाखतीचा नुसता धूसर सूर उरतो, आणि त्या धूसरपणातूनच ‘नामांकित संस्था’ आणि ‘अत्यंत उत्सुक’ हे शब्द येतात.

मग आपल्या टिपणातली शंकेची जागा तपासायची. या मुलीने घरी येऊन ई-वे बिलाचा नियम पाहिला. शंभर किलोमीटरला एक दिवस हा नियम जुना. १ जानेवारी २०२१ पासून तो दोनशे किलोमीटरला एक दिवस असा झाला, आणि पुढच्या प्रत्येक दोनशे किलोमीटरला किंवा त्याच्या भागाला आणखी एक दिवस. म्हणजे पुण्यासाठी मुदत तीन दिवसांची नसून दोन दिवसांची. कॉलेजच्या जुन्या नोट्समधला आकडा तिच्या डोक्यात राहिला होता.

फरक वरवर एका दिवसाचा दिसतो, पण माल पाठवणाऱ्याच्या दृष्टीने तो लहान नाही. सोमवारी गाडीचा नंबर भरून बिल तयार केलं, तर पहिला दिवस मंगळवारी मध्यरात्री संपतो आणि दुसरा बुधवारी मध्यरात्री. तीन दिवस समजून चालणारी व्यक्ती गुरुवारपर्यंत निर्धास्त राहणार. सुटा माल ट्रान्सपोर्टच्या गोदामात एखादा दिवस पडून राहिला आणि गाडी गुरुवारी सकाळी रस्त्यावर तपासणीत सापडली, तर बिल आधीच संपलेलं. माल अडवला जाऊ शकतो आणि दंड कराच्या दुप्पट लागू शकतो. दीड लाखाच्या मालावर पाच टक्के कर धरला, तर कर साडेसात हजार आणि दंड पंधरा हजार. शिवाय शाळेचा माल रस्त्यात अडकलेला, तो वेगळाच.

यावर उपायही आहे आणि तोही तिला वाचताना सापडला. मुदत संपण्याच्या आठ तास आधीपासून संपल्यानंतर आठ तासांपर्यंत ई-वे बिलाची मुदत पोर्टलवर वाढवता येते. माल ट्रान्सपोर्टरच्या ताब्यात असेल, तर हे काम त्याच्याकडून होतं. म्हणून बिल कधी संपतं ते पाठवणाऱ्याने लिहून ठेवायचं आणि माल पोचला नसेल तर वेळेत ट्रान्सपोर्टला फोन करायचा.

आता तिच्याजवळ लिहिण्यासारखं काहीतरी आहे. त्याच संध्याकाळी तिने लिहिलेला ईमेल असा असू शकतो.

विषय: ऑर्डर-डिस्पॅच सहायक मुलाखत, ९ मार्च : आभार आणि एक दुरुस्ती

‘नमस्कार सर,

आज दुपारी माझी मुलाखत घेतलीत आणि शेवटी वेळ काढून मागच्या खोलीतला माल दाखवलात, त्याबद्दल आभारी आहे. जूनमध्ये चोवीस नंबर संपतो आणि छत्तीस पडून राहतो, हे तुम्ही थप्प्यांसमोर उभं राहून सांगितलंत, तेव्हा या कामात नुसती बिलं करून भागणार नाही, मापांचा हिशेब रोज ठेवावा लागेल, हे माझ्या लक्षात आलं.

तुमच्या एका प्रश्नाचं उत्तर मी चुकीचं दिलं होतं. पुण्याला जाणाऱ्या मालाच्या ई-वे बिलाची मुदत मी तीन दिवस सांगितली. तो जुना नियम आहे. आता दोनशे किलोमीटरला एक दिवस धरतात, म्हणून अडीचशे किलोमीटरसाठी ती दोन दिवस आहे. सोमवारी गाडीचा नंबर भरला तर बुधवारी मध्यरात्रीपर्यंत. उशीर होत असेल तर मुदत संपण्याच्या आठ तास आधीपासून आठ तास नंतरपर्यंत ट्रान्सपोर्टकडून वाढवून घेता येते. हे काम माझ्याकडे आलं तर प्रत्येक बिलाची शेवटची तारीख मी डिस्पॅच वहीत बिल नंबराशेजारीच लिहीन.

हिशेबनीस काकांनाही माझा नमस्कार सांगावा. तुम्ही गुरुवारपर्यंत कळवतो म्हणाला होतात. आणखी काही कागदपत्रं हवी असतील तर लगेच पाठवते.

आपली,’

आणि खाली पूर्ण नाव व मोबाईल नंबर.

हे पत्र दुसऱ्या कुठल्याही पेढीला पाठवता येणार नाही. त्यात ‘उत्सुक’ हा शब्द नाही, तरी उत्सुकता दिसते. ‘प्रामाणिक’ हा शब्द नाही, तरी प्रामाणिकपणा दिसतो. मालकाला उत्तर चुकलंय हे ठाऊक असेल, तर मुलीने ते स्वतः शोधलं हे त्याला कळतं. ठाऊक नसेल, तर त्याला एक उपयोगी गोष्ट मिळते. दोन्ही बाजूंनी ती पुढेच जाते. डिस्पॅचच्या कामाला माणूस ठेवताना मालकाला एकच भीती असते: चूक झाली तर हा माणूस झाकेल की सांगेल? या पत्राने त्या भीतीला न विचारताच उत्तर दिलं आहे.

आभाराचं वाक्य पुन्हा एकदा पाहा. त्यात ‘संधी दिल्याबद्दल’ नाही. मुलाखत घेणं हे मालकाचं कामच असतं. त्याला माणूस हवा असतो, म्हणून तो बोलावतो. त्याबद्दलचे आभार औपचारिक राहणारच. पण मागच्या खोलीत नेऊन माल दाखवणं त्याच्यावर बंधनकारक नव्हतं. गिऱ्हाईक थांबलेलं असताना त्याने ते केलं. आभार अशा गोष्टीचे मानावेत, जी समोरच्याने आपणहून दिली. ती शोधली की वाक्य आपोआप खरं होतं, आणि सजवायची गरज उरत नाही. मुलाखतीत असं काहीच घडलं नसेल, रुक्षपणे दहा प्रश्न विचारून पाठवलं असेल, तर आभाराचं एक साधं वाक्य लिहून थेट मुद्द्यावर यावं. नसलेला जिव्हाळा कागदावर आणू नये.

शब्दांची फार काळजी करणाऱ्यांसाठी एक संशोधन सांगण्यासारखं आहे. अमित कुमार आणि निकोलस एपली या दोन मानसशास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये ‘सायकॉलॉजिकल सायन्स’ या नियतकालिकात कृतज्ञतेच्या पत्रांवरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. पत्र लिहिणाऱ्यांना वाटत होतं की वाचणाऱ्याला अवघडल्यासारखं होईल, आणि आपल्याला नेमके शब्द सापडले नाहीत. वाचणाऱ्यांना मात्र त्यांच्या अंदाजापेक्षा कमी अवघडलं आणि जास्त बरं वाटलं. लिहिणारे आपल्या शब्दकौशल्याची चिंता करत होते, वाचणारे त्यातली आपुलकी पाहत होते. ती पत्रं नोकरीच्या मुलाखतीनंतरची नव्हती, ओळखीच्या माणसांना लिहिलेली होती. मालकाच्या मनात या पत्रामागे नोकरीची अपेक्षा आहे, हे गृहीतच असतं. म्हणून या प्रयोगावर पूर्ण भिस्त ठेवू नये. पण मराठी चुकेल, भाषा साधी वाटेल, या धास्तीने पत्रच न लिहिणाऱ्याने तो जरूर लक्षात ठेवावा.

दुरुस्ती हा भर घालण्याचा एक मार्ग झाला, आणि माझ्या मते सर्वांत भक्कम. पण प्रत्येक मुलाखतीत चूक होतेच असं नाही. दुसरा मार्ग अर्ध्या उत्तराचा. त्याच मुलीला मालकांनी विचारलं असतं, ‘चोवीस नंबर संपू नये म्हणून तू काय करशील?’ आणि ती ‘जास्त माल ठेवू’ एवढंच म्हणाली असती, तर तिला पत्रात नीट विचार करून उत्तर देता आलं असतं. उदाहरणार्थ: शाळेकडून नुसती एकूण संख्या न घेता इयत्तेप्रमाणे पट घ्यायचा. मागच्या वर्षी त्या शाळेने कुठल्या इयत्तेला कुठली मापं उचलली, ते जुन्या बिलांवरून काढायचं. आणि जूनमध्ये परत मागवलेल्या मापांची वेगळी यादी ठेवायची. पुढच्या वर्षी आधीच जास्त काय शिवायचं, ते ही यादीच सांगते. एवढं तीन-चार वाक्यांत येतं. इथे एक पथ्य आहे. हा सल्ला म्हणून लिहायचा नाही. वीस वर्षं गणवेश विकणाऱ्या माणसाला नवख्या मुलीने धंदा शिकवू नये. ‘तुम्ही विचारलेल्या प्रश्नावर घरी विचार केला, तेव्हा मला असं सुचलं. प्रत्यक्षात यात अडचणी असतील, त्या तुम्हाला जास्त माहीत,’ असा सूर ठेवला की तीच गोष्ट विचारी वाटते.

तिसरा मार्ग, काहीतरी सोबत जोडण्याचा, मी सहसा सुचवत नाही. मुलाखतीत त्यांनी मागितलेलं प्रमाणपत्र, नमुना किंवा आधी केलेल्या कामाचा तक्ता असेल तर जरूर जोडावा. न मागता जोडलेली दहा पानांची योजना कुणी उघडत नाही, आणि अर्जाची प्रत पुन्हा पाठवणं हे तर नुसतं ओझं. भर एकच असावी. दुरुस्तीही, सूचनाही, नमुनाही अशी सगळी दाटी केली की पत्र दुसऱ्या मुलाखतीसारखं लांबतं, आणि लिहिणारा घायकुतीला आला आहे असं वाटतं. वरचं पत्र दीडशे शब्दांच्या आसपास आहे. फोनच्या पडद्यावर दोनदा सरकवलं की संपावं, एवढीच त्याची लांबी.

लांबीइतकाच विषयाच्या ओळीचाही विचार करावा. नवी पेठेतल्या पेढीच्या कार्डावर जो ईमेल पत्ता असतो, तो मालक स्वतः उघडतीलच असं नाही. बहुतेक वेळा तो मुलगा, सून किंवा हिशेब पाहणारा माणूस उघडतो, आणि त्यात बँकेची, कराची, कापड गिरण्यांची पत्रं भरलेली असतात. म्हणून विषयातच पद, ‘मुलाखत’ हा शब्द आणि तारीख यावी. मुलाखतीला हजर नसलेल्या माणसालाही ते कुणाचं पत्र आणि कशाबद्दल आहे, हे न उघडता कळायला हवं. ‘धन्यवाद’ एवढाच विषय असलेला ईमेल जाहिरातीच्या ढिगात जातो. मुलाखतीची वेळ व्हॉट्सॲपवर ठरली असेल, तर त्याच नंबरवर ‘सर, आजच्या मुलाखतीसंदर्भात ईमेल पाठवला आहे’ एवढी एक ओळ टाकायला हरकत नाही. संपूर्ण पत्र तिथे चिकटवू नये, आणि मालकांचा खासगी नंबर दुसऱ्याकडून मिळवून तर मुळीच नको.

भाषेबद्दल मला ठामपणे सांगायचं आहे: मुलाखत ज्या भाषेत झाली, त्या भाषेत पत्र लिहा. सोलापुरातल्या पेढ्यांमध्ये घरी तेलुगू, कन्नड, गुजराती किंवा मारवाडी बोलणारी मंडळी आहेत, आणि त्यांचा बाजारातला व्यवहार मराठीत सहज चालतो. मराठीत बोलून झाल्यावर उसन्या इंग्रजीत पत्र आलं, की मुलाखतीतली मुलगी आणि पत्रातली मुलगी वेगळी वाटते. मराठी लिहायचं तर देवनागरीत. फोनवर ते आता अवघड राहिलेलं नाही. इंग्रजी अक्षरांतलं मराठी गप्पांना ठीक असेल, नोकरीच्या पत्राला नाही. पुण्याच्या कंपनीची मुलाखत इंग्रजीत झाली असेल, तर अर्थातच इंग्रजीत लिहावं. तिथेही कसोटी तीच, की ते पत्र दुसऱ्या कंपनीला चालता कामा नये.

वेळ म्हणाल तर त्याच संध्याकाळी, फार तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. जिथे दोन दिवसांत माणूस ठरतो, तिथे चार दिवसांनी आलेली दुरुस्ती कुणाच्या कामाची नाही. पण दुरुस्ती तपासल्याशिवाय पाठवू नका. चुकीच्या उत्तराची चुकीची दुरुस्ती केली, तर जी पहिली चूक विसरली गेली असती, ती आता लेखी राहते. नियम कराचा असेल तर सरकारी पोर्टलवर पाहा, आणि जमलं तर हे काम रोज करणाऱ्या एखाद्या माणसाला फोन करा. तरीही खात्री पटली नाही, तर ‘माझं ते उत्तर मला पुन्हा तपासायचं आहे’ असं न लिहिता तो मुद्दाच वगळा.

मुलाखतीला दोघे-तिघे असतील आणि सगळ्यांचे पत्ते असतील, तर प्रत्येकाला वेगळं पत्र लिहावं, आणि प्रत्येकात त्या त्या व्यक्तीशी झालेलं बोलणं यावं. एकच मजकूर तिघांना पाठवला आणि तिघांनी तो चहा पिताना एकमेकांना दाखवला, तर आधी मिळवलेलं सगळं गेलं. पेढीत मात्र एकच पत्ता असतो, म्हणून वरच्यासारखं एकाला लिहून दुसऱ्याचा मानाने उल्लेख करणं योग्य.

एका ठिकाणी असं पत्र अजिबात पाठवू नये, आणि महाराष्ट्रातल्या पुष्कळ उमेदवारांचा याच ठिकाणाशी संबंध येतो. सरकारी आणि निमसरकारी कार्यालयं, सार्वजनिक बँका, लोकसेवा आयोग, जिल्हा परिषद: इथल्या मुलाखतींनंतर मंडळाच्या सदस्याला खासगीत काहीही लिहायचं नाही. अशा भरतीच्या जाहिरातींत कुठल्याही प्रकारे वशिला लावण्याचा किंवा दबाव आणण्याचा प्रयत्न झाल्यास उमेदवार अपात्र ठरेल, अशी अट सर्रास असते. तुमच्या मनात फक्त आभार असले, तरी निवड सुरू असताना सदस्याशी साधलेला संपर्क तसाच दिसतो. तिथे गुण दिले की विषय संपतो. उत्तर चुकलं असेल तर ते चुकलेलंच राहतं.

खासगी नोकरीतही या पत्राकडून भलती अपेक्षा ठेवू नये. मुलाखतीत तुमची छापच पडली नाही, कामाचं मूळ ज्ञानच नाही, पगाराचं जमत नाही, तर कितीही नेमकं पत्र लिहिलं तरी काही होत नाही. दोन उमेदवार जवळपास सारखे असतील आणि मालकाचं मन ठरत नसेल, तेव्हाच ते पारडं हलवतं. पत्राला उत्तर आलं नाही म्हणून ते वाया गेलं असंही समजू नका. पेढीच्या ईमेलवर उत्तर देण्याची पद्धतच कमी असते, होकार असेल तर फोन येतो.

त्यांनी सांगितलेला दिवस उलटून आणखी दोन कामकाजाचे दिवस गेले, की एकदा आठवण करावी: आधीच्याच ईमेलला उत्तर म्हणून, म्हणजे जुनं पत्र खाली दिसत राहतं, आणि दोन ओळींत. ‘सर, गुरुवारपर्यंत कळवतो म्हणाला होतात. निर्णय झाला असेल तर कृपया कळवावा.’ त्यानंतर थांबावं. नकार आला तर एक शेवटची ओळ जरूर पाठवावी की कळवल्याबद्दल आभार, पुढे जागा निघाली तर माझा विचार व्हावा. गणवेशाच्या धंद्यात हंगामापूर्वी दरवर्षी माणसं लागतात, आणि आधी पाहिलेल्या उमेदवाराला फोन करणं मालकाला नव्याने शोधण्यापेक्षा सोपं पडतं.